मुंबई ते मडगाव: ७६५, ५९६ आणि ४२३ किलोमीटर

रत्नागिरी स्टेशनात गाडी थांबली तेव्हा खिडकीसमोर विजेच्या तारेचा खांब होता. त्यावर पिवळ्या पट्टीत आकडे रंगवले होते: वर २०३, खाली खांबाचा क्रमांक. रेल्वेत वरचा आकडा म्हणजे किलोमीटर. माझ्या हातातल्या वेळापत्रकात मात्र मुंबई सीएसएमटी ते रत्नागिरी अंतर ४२८ किलोमीटर होतं. कोकण रेल्वेची मोजणी रोह्यापासून सुरू होते हे मला माहीत होतं. सीएसएमटी ते रोहा १४४ किलोमीटर. १४४ आणि २०३ मिळून ३४७ होतात. मग वरचे ८१ किलोमीटर आले कुठून?

समोर बसलेले काका रेल्वेतून निवृत्त झालेले होते. त्यांनी वेळापत्रक पाहिलं आणि म्हणाले, "हे रुळाचे किलोमीटर नाहीत, भाड्याचे आहेत. रोह्याच्या पुढे प्रत्येक किलोमीटर दीडाला थोडा कमी धरतात."

नेमकं सांगायचं तर १.४ धरतात. कोकण रेल्वेच्या बांधणीला प्रचंड खर्च आला. तो भाड्यातून भरून काढता यावा म्हणून प्रवासी भाड्यासाठी या मार्गाचं अंतर ४० टक्के वाढवून मोजायचं ठरलं. रेल्वेचं भाडं अंतरावर ठरत असल्याने दर वेगळा लावण्यापेक्षा अंतरच वाढवलं गेलं. २०३ ला १.४ ने गुणा, २८४ येतात. त्यात १४४ मिळवले की बरोबर ४२८. तिथेच बसल्या बसल्या मी मडगावचा हिशेब उलटा केला. तिकिटावर ७६५. त्यातून १४४ वजा केले, राहिले ६२१. त्याला १.४ ने भागलं की ४४४ च्या आसपास येतात. म्हणजे सीएसएमटी ते मडगाव रूळ प्रत्यक्षात ५८८ किलोमीटरच्या जवळपास आहे.

हा फरक प्रवाशाला कुठे नडतो? वेळेच्या अंदाजात. बारा तासांत ७६५ म्हणजे ताशी ६४ चा वेग वाटतो, खरा सरासरी वेग ४९ पडतो. तो ६४ चा वेग धरून "अजून सव्वाशे किलोमीटर राहिले, दोन तासांत पोचू" असा हिशेब खांबावरच्या आकड्यांवरून केलात तर चुकणारच, कारण खांबावर खरे किलोमीटर असतात आणि वेग भाड्याच्या किलोमीटरवरून काढलेला असतो. दोन्ही एकाच मापात घ्या. पावसाळ्यात तर या मार्गाचं वेळापत्रकच वेगळं आणि संथ असतं, तेव्हा वेळ थेट त्यातच पाहावी.

परतीला मी मोटारीने आलो. वाशी पूल, पनवेल आणि तिथून राष्ट्रीय महामार्ग ६६, म्हणजे जुना १७, अशा वाटेवर मोटारीच्या मीटरवर मडगाव ते सीएसएमटी ५९६ किलोमीटर पडले. मीटर टायरच्या फेऱ्या मोजतो, त्यामुळे टायर झिजला किंवा हवा कमी असली की शेकडा एक-दोन किलोमीटर इकडेतिकडे होतात. तरी खरा रूळ आणि खरा रस्ता जवळजवळ सारखे निघाले याचं मला नवल वाटलं. मला वाटलं होतं की घाटांमुळे रस्ता बराच लांब पडेल.

प्रत्यक्षात दोघे आपापल्या जागी वाकतात. आगगाडीला चढ झेपत नाही. कोकण रेल्वेवर सर्वात तीव्र चढ साधारणपणे १५० मीटरला एक मीटर इतकाच ठेवला आहे आणि वळणाची त्रिज्या किमान १२५० मीटर. शंभर मीटर वर जायचं तर गाडीला १५ किलोमीटर रूळ लागतो. रस्त्याला २० ला १ चा चढ चालतो, म्हणजे तीच उंची तो दोन किलोमीटरमध्ये गाठतो, पण वळणावळणाने. पोलादपूर आणि खेडच्या मध्ये हे स्पष्ट दिसतं. जुना रस्ता कशेडी घाट चढून उतरायचा, तर रेल्वे खेडजवळच्या नातूवाडी बोगद्यातून, चार किलोमीटरहून अधिक, जवळजवळ सरळ जाते. रत्नागिरीजवळचा करबुडे बोगदा साडेसहा किलोमीटरचा आहे. आता कशेडीला रस्त्यासाठीही बोगदे झाले आहेत. म्हणून जुन्या नकाशातलं किंवा जुन्या दगडावरचं अंतर आणि आजचं अंतर जुळेलच असं नाही.

डोंगरात रेल्वे जे वाचवते ते मुंबईतून बाहेर पडतानाच गमावलेलं असतं. ठाण्याच्या खाडीला वळसा घालून गाडी सीएसएमटी, ठाणे, दिवा, पनवेल अशी जाते: ६९ किलोमीटर. हार्बर लोकल वाशीच्या पुलावरून तेच पनवेल ४९ किलोमीटरमध्ये गाठते, आणि सरळ रेषेत ते फक्त ३० आहे. मी नकाशावर आणखी एक गोष्ट मोजली. सीएसएमटीहून मडगाव सरळ रेषेत ४२४ किलोमीटर, पनवेलहून ४२१ ते ४२२. म्हणजे ६९ किलोमीटर गाडी धावल्यावर आपण मडगावच्या जेमतेम दोन-तीन किलोमीटर जवळ आलेलो असतो! कारण पनवेल मुंबईच्या पूर्वेला आहे आणि मडगाव दक्षिणेला. रस्त्याने शिवडीहून अटल सेतू धरला तरी आधी पूर्वेलाच जावं लागतं, फक्त वळसा लहान होतो.

विमानाने मी नंतर वेगळा गेलो. मुंबई विमानतळ ते दाबोळी ४२३ किलोमीटर, पण हा आकडा पृथ्वीच्या पाठीवरच्या सर्वात जवळच्या रेषेचा. विमान तिच्यावरून उडत नाही. खिडकीजवळ बसून फोन फ्लाइट मोडवर ठेवला आणि जीपीएसची नोंद सुरू केली (इंटरनेट लागत नाही, काचेजवळ धरलं की पुरतं). विमान पश्चिमेला समुद्रावर उडालं, मोठी फेरी घेऊन दक्षिणेला वळलं आणि उतरताना पुन्हा धावपट्टीच्या रेषेत येण्यासाठी लांबून फिरलं. खरी वाढ या दोन टोकांनाच होते. दहा किलोमीटर उंचीमुळे वर्तुळ मोठं होतं म्हणून वाढतं असं बरेच जण सांगतात, पण ते इतक्या अंतरात एक किलोमीटरही भरत नाही.

तुम्हाला स्वतः पडताळायचं असेल तर दिवसा जाणारी गाडी घ्या. रोह्यानंतर खांबांवरचा वरचा आकडा लिहीत जा, त्याला १.४ ने गुणून १४४ मिळवा आणि वेळापत्रकातल्या अंतराशी ताडून पाहा. रस्त्यासाठी नकाशात "अंतर मोजा" वापरून आधी सरळ रेषा काढा, मग मार्गाचं अंतर बघा, आणि पेट्रोलचा हिशेब नेहमी मार्गाच्या अंतरावर करा.

विमानाला मात्र एक गोष्ट लक्षात ठेवा. जानेवारी २०२३ पासून गोव्याला मोपा हा दुसरा विमानतळही आहे. मुंबईहून तो सरळ रेषेत ३८६ किलोमीटर, दाबोळीपेक्षा जवळ. पण मोपा गोव्याच्या उत्तर टोकाला आहे आणि तिथून मडगाव रस्त्याने साठ किलोमीटरच्या वर पडतं. दाबोळीहून ते पंचवीसेक किलोमीटर आहे. मडगावला जायचं असेल तर तिकीट काढताना दाबोळीच निवडा.