गेलेलं बिल दुरुस्त करताना: क्रेडिट नोटचा माझा अनुभव

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याचे हिशेब मी बघते. आमचा बराचसा माल जिल्ह्याबाहेरच्या ठोक व्यापाऱ्यांकडे जातो. ऑगस्टमध्ये लातूरच्या एका व्यापाऱ्याला १,००० टॉवेल गेले. बिल रेट लिस्टप्रमाणे नगाला १२० रुपयांनी निघालं: माल १,२०,०००, त्यावर ५ टक्के जीएसटी ६,०००, एकूण १,२६,०००. मालकांनी मात्र फोनवर त्यांना ११२ चा भाव कबूल केला होता. हे कळलं तेव्हा सप्टेंबर अर्धा सरला होता आणि ऑगस्टच्या विक्रीचं रिटर्न, जीएसटीआर-१, भरून झालं होतं. वर त्यांनी ४० टॉवेल परत पाठवले. काहींचे लूप ओढले गेले होते, काहींची किनार उसवली होती. माल उघडून बघितला, तक्रार खरी होती.

लातूरच्या मुनीमजींचा फोन आला, "ताई, जुनं बिल रद्द करा आणि नवीन पाठवा, म्हणजे विषय संपला." ऐकायला हे सोपं वाटतं, पण माल पोचलेला, ई-वे बिल होऊन गेलेलं, बिल आमच्या रिटर्नमध्ये चढलेलं आणि त्यावरच्या ६,००० रुपये कराचं क्रेडिट त्यांनी घेतलेलं, म्हणजे स्वतःच्या करातून तेवढे वजा केलेले. असं बिल पुसता येत नाही. ते जसंच्या तसं राहतं आणि त्यातली जादा रक्कम दुसऱ्या कागदाने कमी केली जाते. तो कागद म्हणजे क्रेडिट नोट. जीएसटी कायद्याच्या कलम ३४ प्रमाणे बिलात किंमत किंवा कर जास्त लागला असेल, माल परत आला असेल किंवा मालात खोट निघाली असेल, तर विकणाऱ्याने ती द्यायची असते. आमच्याकडे एकाच बिलावर यातली दोन कारणं होती.

मग ते म्हणाले, "ठीक आहे, आम्हीच तुम्हाला डेबिट नोट पाठवतो." बाजारात ही पद्धत जुनी आहे आणि त्यांच्या वहीपुरती ती चालते. पण घेणाऱ्याच्या डेबिट नोटने आमचा कर एक रुपयानेही कमी होत नाही. पोर्टलवर बिल आमचं आहे, त्यामुळे ते कमी करणारी नोटही आमच्याच जीएसटी नंबरावरून निघायला लागते. कायद्यातली डेबिट नोटसुद्धा विकणाराच काढतो, बिल कमी रकमेचं झालं असेल तेव्हा. हे मी त्यांना सांगितलं. तरी त्यांनी त्यांची डेबिट नोट धाडलीच, आणि पुढचा गुंता तिथूनच सुरू झाला.

मी दोन वेगळ्या नोटा केल्या. एकीत दोन्ही कारणं बसवता आली असती, पण भावफरकात माल हलत नाही आणि परतीत हलतो. पहिली नोट भावफरकाची: १,००० नगांवर ८ रुपये, म्हणजे ८,०००, अधिक जीएसटी ४००, एकूण ८,४००. टॅलीत ही नोट टॉवेलची संख्या टाकून केली, तर १,००० टॉवेल गोदामात परत आल्याचं स्टॉकमध्ये दिसतं. म्हणून संख्या न टाकता नुसती रक्कम भावफरकाच्या खात्याला टाकली आणि कारण म्हणून `04-Correction in Invoice` निवडलं. मूळ बिलाचा नंबर आणि तारीख दोन्ही नोटांवर घातली, कारण कुठल्या बिलाची दुरुस्ती आहे हे नोट बघताच कळायला हवं.

दुसरी नोट परत आलेल्या ४० टॉवेलांची, कारण `01-Sales Return`. इथे भाव कोणता धरायचा हा खरा प्रश्न आहे. बिलावर १२० आहे म्हणून हात आपोआप १२० वर जातो. पण या ४० टॉवेलांचेही आठ-आठ रुपये पहिल्या नोटेत देऊन झाले आहेत. १२० धरले तर तेच आठ रुपये दोनदा जातात. म्हणून ११२ प्रमाणे ४,४८०, जीएसटी २२४, एकूण ४,७०४. मी ताळा असा केला: शेवटी त्यांच्याकडे ९६० टॉवेल राहिले, ११२ च्या भावाने १,०७,५२० आणि कर धरून १,१२,८९६. मूळ १,२६,००० मधून ८,४०० आणि ४,७०४ वजा केले की हाच आकडा येतो. आता कुठलीही क्रेडिट नोट पाठवण्याआधी मी असा उलटा हिशेब करतेच: हे बिल पहिल्यापासून बरोबर निघालं असतं, तर किती रुपयांचं झालं असतं?

दोन्ही नोटांवर तारीख सप्टेंबरची, म्हणून त्या सप्टेंबरच्या जीएसटीआर-१ मध्ये गेल्या. ऑगस्टच्या रिटर्नला हात लावायची गरज नसते, नोट ज्या महिन्यात निघते त्या महिन्याचा कर तिने कमी होतो. पण आमचा कर कमी व्हायचा, तर समोरच्यानेही आधी घेतलेलं तेवढं क्रेडिट सोडायला हवं. आमच्या बाजूला ६२४ रुपये कमी, तर त्यांच्याही बाजूला ६२४ कमी. पोर्टलवरच्या आयएमएसमध्ये त्यांना आमच्या नोटा दिसतात आणि त्या स्वीकारायच्या की नाकारायच्या हे ते तिथे ठरवतात.

ऑक्टोबरमध्ये मी पोर्टल उघडलं, तर भावफरकाची नोट स्वीकारलेली आणि परतीची नाकारलेली. मी लगेच फोन लावला. मुनीमजी म्हणाले, "आमच्या वहीत माल परतीचे ५,०४० आहेत, तुमची नोट ४,७०४ ची. जुळत नाही म्हणून नाकारली." त्यांनी त्यांच्या डेबिट नोटेत १२० चा भाव धरला होता. फरक ३३६ रुपयांचा, म्हणजे ४० टॉवेलांचे आठ-आठ रुपये आणि त्यावरचा कर. मी खातेउतारा पाठवला आणि एवढंच विचारलं, "दादा, तुमच्याकडे ९६० टॉवेल आहेत ना? ११२ ने गुणून बघा." त्यांनी फोन चालू ठेवूनच गुणाकार केला आणि म्हणाले, "बरोबर आहे, आम्ही आठ रुपये दोनदा कापले."

त्यांचं कर भरायचं महिन्याचं रिटर्न, जीएसटीआर-३बी, अजून भरायचं होतं, म्हणून हे निभावलं. तोपर्यंत आयएमएसमधला निर्णय बदलता येतो. मात्र १४ तारखेला २बी, म्हणजे घेणाऱ्याला मिळणाऱ्या क्रेडिटचा पोर्टलवरचा उतारा, तयार झाल्यानंतर बदल केला, तर २बी पुन्हा काढून घ्यावं लागतं, नाहीतर जुनेच आकडे ३बी मध्ये उतरतात. त्यांनी नोट स्वीकारली, २बी नव्याने काढलं आणि मग रिटर्न भरलं. नाकारलेली नोट तशीच राहिली असती, तर ते २२४ रुपये आमच्या पुढच्या ३बी मध्ये पुन्हा देणं म्हणून चढले असते. रक्कम लहान आहे, पण दहा गिऱ्हाइकांनी असं केलं तर महिन्याचा ताळमेळ बसत नाही. म्हणून नोट काढल्याबरोबर मी समोरच्या हिशेबनीसाला ती दाखवते आणि भाव कोणता धरला ते सांगते.

मुदतीचं भान ठेवायला लागतं. आर्थिक वर्ष संपल्यावर पुढच्या ३० नोव्हेंबरपर्यंतच अशी नोट काढता येते, आणि वार्षिक रिटर्न त्याआधी भरलं तर मुदत तिथेच संपते. त्यानंतर भावफरक द्यायचाच असेल तर जीएसटी न लावता साधी क्रेडिट नोट देता येते. गिऱ्हाइकाचं येणं तेवढ्याने कमी होतं, पण सरकारला भरलेला कर परत मिळत नाही. म्हणून दिवाळीच्या सुमारास मी मागच्या वर्षाच्या उधारीची यादी काढते आणि ज्या खात्यात थोडीशी रक्कम अडकून राहिली आहे, त्या प्रत्येकाला फोन करते. त्यातले बरेचजण हेच सांगतात, की भाव वेगळा ठरला होता किंवा काही नग परत पाठवले होते, फक्त कुणी लिहून कळवलं नाही.