आडवी रेघ म्हणजे उलट

डिसेंबरात पुण्याच्या मामेबहिणीने व्हॉट्सॲपवर एक फोटो पाठवला. विणकामाच्या कुठल्याशा जुन्या पुस्तकाचं पान, मधोमध घडी पडलेली, वरून ट्यूबलाइटचा पांढरा पट्टा. वर शालीचं छोटंसं चित्र आणि खाली चौकटींचा तक्ता. कुठल्या खुणेचा काय अर्थ, हे ज्या पट्टीत लिहिलेलं असतं ती पट्टी तिने छाटून टाकली होती. का, तर "फोटो फार लांब होत होता गं."

तक्त्याच्या उजव्या कडेला RS 1, डावीकडे WS 2, पुन्हा उजवीकडे RS 3, डावीकडे WS 4. आमच्या ह्यांनी चष्म्यावरून पाहिलं आणि म्हणाले, "एक रुपया, तीन रुपये. स्वस्त आहे, घेऊन टाक." RS म्हणजे राइट साइड, विणीची समोरची बाजू, आणि WS म्हणजे राँग साइड, मागची, हे माझं मलाही उमगायला चहाचा एक कप लागला. पण ते कळल्यावर निम्मं कोडं सुटलं. आकडा ज्या कडेला, त्या कडेने ती ओळ वाचायची: पहिली उजवीकडून डावीकडे, दुसरी डावीकडून उजवीकडे. आणि सुरुवात खालून, कारण वीण खालून वर चढते. आपण देवनागरीच्या सवयीने वरच्या डाव्या कोपऱ्यातून सुरू करतो आणि सगळं उलटं होऊन बसतं.

ग्वाल्हेरला जानेवारीत दुपारी बारापर्यंत धुकं हटत नाही. तेव्हा बाड्याच्या बाजारातून करड्या रंगाची लोकर आणली, शेजारी गजकचा डबा ठेवला आणि मफलर घ्यायचा ठरवला. तक्ता अठरा चौकटी रुंद. अठरा त्रिक चोपन्न, म्हणून चोपन्न टाके घातले.

पहिल्या दोन ओळी कोऱ्या. कोरी चौकट म्हणजे सुलट टाका, एवढं कुणीही ओळखेल. खरी वीण तिसऱ्या ओळीत. तिथे तिरप्या रेघा आहेत, त्या k2tog, म्हणजे दोन टाके एकत्र घेऊन एक विणायचा. गोल आहेत, ते yo, म्हणजे धागा सुईवर नुसता गुंडाळायचा. त्याचं पुढे भोक पडतं आणि एक टाका वाढतो. फोटोत मला दिसलं ते असं: तीन तिरप्या रेघा, मग गोल आणि कोरी चौकट अशा सहा जोड्या, मग दोन तिरप्या रेघा आणि शेवटी एक कोरी चौकट.

विणलं. तिसरा अठराचा संच पुरा झाला तरी डाव्या सुईवर तीन टाके शिल्लक. मला वाटलं, घालतानाच जास्त घातले. मोजले होते दोनदा, पण स्वतःवर कुठला एवढा विश्वास! सासूबाई पलंगावर रजईत होत्या. त्यांनी आयुष्यात कधी तक्ता वाचलेला नाही, पण हिशेब पक्का. "तीन वेळा केलंस आणि तीन उरले ना? म्हणजे दर वेळी एक फंदा कमी खाल्लास." (चार पिढ्या ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, हिंदीच्या शेजारात काढल्यावर आमच्या घरात टाक्याला फंदाच म्हणतात आणि सुईला सलाई.)

'खाल्लास' या शब्दाने माझ्या डोक्यात दिवा लागला. तक्त्यातली प्रत्येक चौकट म्हणजे ती ओळ विणून झाल्यावर सुईवर राहणारा एक टाका. पण आधीच्या ओळीतले टाके प्रत्येक खूण सारखे खात नाही. सुलट एक खातो, तिरपी रेघ दोन खाते, गोल काहीच खात नाही. माझ्या वाचनाप्रमाणे पाच तिरप्या रेघांचे दहा, कोऱ्या सात चौकटींचे सात, गोलांचे शून्य. एकूण सतरा. खालच्या ओळीत टाके अठरा. म्हणजे एक चौकट मी चुकीची वाचत होते, आणि ती एक खाण्याऐवजी दोन खायला हवी होती. मग एका बाजूला तीन रेघा आणि दुसऱ्या बाजूला दोनच, हे असमान डोळ्यांना खुपायला लागलं. फोटो मोठा केला, उजेड कमी केला, गडदपणा वाढवला. ट्यूबलाइटच्या पट्ट्याखाली कडेच्या चौकटीत एक फिकट तिरपी रेघ निघाली. सहा रेघांचे बारा, सहा कोऱ्यांचे सहा, अठरा.

हा हिशेब प्रत्येक विणीला लागू पडत नाही. पानाफुलांच्या काही विणींत टाके ओळीगणिक वाढत-घटत जातात आणि तक्त्यात मध्येच करड्या चौकटी येतात. त्या 'इथे टाकाच नाही' असं सांगणाऱ्या असतात, त्या विणायच्या नसतात. आणि तिरपी रेघ उजवीकडे झुकलेली की डावीकडे, म्हणजे k2tog की ssk, हेही हिशेबाने कळत नाही, कारण दोघीही दोनच खातात. ते डोळ्यांनीच पाहावं लागतं.

चौथी ओळ सगळी आडव्या रेघांची. आडवी रेघ म्हणजे उलट टाका. मी मागच्या बाजूने सबंध ओळ उलट विणली आणि पुढे निघाले. असे चार ओळींचे तीन फेरे झाल्यावर चित्राशी ताडून पाहिलं. लाटा आल्या होत्या, भोकं आली होती, उठावाची आडवी कडही होती. पण चित्रात कड भोकांच्या लगेच वर, आणि माझी भोकांच्या खाली.

सासूबाईंनी मफलर हातात घेतला, एक टाका नखाने उचलला. समोरून तो इंग्रजी व्हीसारखा दिसत होता. मग त्यांनी कापड पालटलं. त्याच टाक्याची पाठ आडव्या भुवईसारखी. "ही बघ तुझी रेघ." तक्त्यात काढलेली आडवी रेघ हे त्या भुवईचंच चित्र आहे, समोरून दिसणारं. तक्ता नेहमी समोरची बाजू दाखवतो, हात कुठल्या बाजूला आहे याची त्याला पर्वा नसते. मागच्या बाजूने विणताना समोर भुवई हवी असेल तर आपल्याला सुलट घालावा लागतो, आणि समोर व्ही हवा असेल तर उलट. मी दुसरी ओळ कोरी म्हणून सुलट विणली, म्हणजे तिथे समोर कड उठली. चौथी रेघांची म्हणून उलट विणली, म्हणजे तिथे समोर सपाट. दोन्ही ओळींची अदलाबदल. गोल विणायची टोपी असती तर ही भानगडच नव्हती, कारण तिथे समोरची बाजू कायम आपल्याकडे असते आणि प्रत्येक ओळ उजवीकडूनच वाचायची.

बारा ओळी उसवायचा मला कंटाळा आला. तिथून पुढे दुसरी ओळ उलट, चौथी सुलट, असं नीट विणत गेले. मफलर घालताना ते पहिलं टोक मी स्वेटरच्या आत सारते. सासूबाई दारापर्यंत येतात आणि ते बाहेर ओढून ठेवतात.