रांगेत पहिला उभा राहणारा मुलगा

“डॉक्टर, याची उंची अशीच राहिली तर पुढे नोकरीत, पगारात मार खाईल का हो हा? शाळेत मुलं चिडवतात ते वेगळंच.”

पगाराचा आकडा बहुतेक पालकांनी व्हॉट्सॲपवर वाचलेला असतो : एका इंचामागे वर्षाला 789 डॉलर जास्त. आकडा खोटा नाही. टिमोथी जज आणि डॅनियल केबल या दोघा संशोधकांनी 2004 मध्ये अमेरिका आणि ब्रिटनमधल्या चार पाहण्यांवरून तो काढला. उंच माणसं सरासरीने जास्त कमावतात, हे त्यानंतरही अनेकांना दिसलं. पण ती उंच आहेत *म्हणून* कमावतात का, ही खरी भानगड आहे.

मार्च 1958 मधल्या एका आठवड्यात ब्रिटनमध्ये जन्मलेल्या मुलांचा मोठेपणीही पाठपुरावा केला गेला. सातव्या, अकराव्या, सोळाव्या वर्षी उंची मोजली, पुढे तेहतिसाव्या वर्षी पुन्हा, आणि पगारही विचारला. समजा त्यातले दोघे तेहतिसाव्या वर्षी अगदी सारख्याच उंचीचे आहेत. एक सोळाव्या वर्षीच उंच झालेला, दुसरा तेव्हा बुटका होता आणि मागाहून वाढला. साहेब उंचीला भुलून पगार देत असेल, तर दोघांना सारखाच मिळायला हवा. निकोला पेर्सिको आणि सहकाऱ्यांना 2004 मध्ये दिसलं ते वेगळंच : पगाराचं नातं सोळाव्या वर्षीच्या उंचीशी होतं, आत्ताच्या उंचीशी जवळजवळ नव्हतंच. त्यांनी अर्थ लावला, की त्या वयात उंच असलेली मुलं खेळात, मंडळांत पुढे येतात आणि ते वळण पुढे टिकतं.

चार वर्षांनी ॲन केस आणि क्रिस्टिना पॅक्सन यांनी हीच माहिती पुन्हा उघडली आणि आणखी मागे गेल्या. या मुलांच्या सातव्या आणि अकराव्या वर्षी वाचन-गणिताच्या चाचण्या झाल्या होत्या. ते गुण हिशेबात धरल्यावर उंचीचा फायदा बराचसा विरघळला. त्यांचं म्हणणं असं, की पोटात असताना आणि पहिल्या काही वर्षांत मिळालेलं पोषण, झालेली आजारपणं यांचा परिणाम हाडांवर होतो तसाच मेंदूवरही होतो. उंची ही त्या काळाची खूण. पगार तिच्यामुळे वाढतोच असं नाही.

मला हा अर्थ जास्त पटतो. पटण्याचं आणखी एक कारण भावंडांच्या अभ्यासात आहे. 2016 मध्ये ब्रिटनच्या सुमारे 1.2 लाख लोकांच्या जनुकांवरून असं निघालं होतं, की उंचीची जनुकं असलेल्यांचं शिक्षण आणि उत्पन्न थोडं जास्त असतं. पण आईबापांकडून जनुकांबरोबर घरही मिळतं. म्हणून 2020 मध्ये नॉर्वे आणि ब्रिटनच्या संशोधकांनी एकाच घरातल्या भावंडांची तुलना केली, तेव्हा उंचीचा शिक्षणावरचा परिणाम जवळजवळ शून्यावर आला. हे शिक्षणाचं झालं, उत्पन्नाचं नव्हे, हे खरं. तरी पुरुषांच्या बाबतीत उंचीचा थेट फायदा उरलाच तर तो फार मोठा नसावा, असं माझं मत.

उंचीमुळे नेतृत्व मिळतं असंही म्हणतात; तिथे मात्र उलटही घडतं. कॅनडात 1988 च्या निवडणुकीआधी आणि नंतर लोकांना तीन पक्षनेत्यांची उंची अंदाजाने सांगायला लावली. जिंकलेले मलरोनी निकालानंतर लोकांना आधीपेक्षा उंच वाटू लागले, हरलेले टर्नर आणि ब्रॉडबेंट बुटके! (माझी उंची पाच फूट तीन. पेशंट बरा झाला की वाढत असावी.)

आता चिडवण्याचं. तुमचा मुलगा प्रार्थनेच्या रांगेत कायम पहिला, त्याला ‘टिंगू’ म्हणतात; हे मी हसण्यावारी नेत नाही. इंग्लंडच्या वेसेक्स भागात शाळेत जाताना सर्वात बुटक्या असलेल्या 92 मुलामुलींना चौदा-पंधराव्या वर्षी विचारलं, तेव्हा बुटक्या मुलग्यांनी त्रास झाल्याचं इतर मुलग्यांच्या दुपटीहून जास्त सांगितलं. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात सहावी ते बारावीच्या 956 मुलांचा अभ्यास वेगळ्या पद्धतीने झाला : मुलाला न विचारता वर्गमित्रांना विचारलं, की मित्र कोण, आवडतं कोण, वर्गात कोणाची काय प्रतिमा आहे. तिथे उंचीचा संबंध जवळजवळ दिसला नाही. फक्त लहान वर्गांत बुटकी मुलं वयाने लहान वाटत. दोन्ही खरं असू शकतं. मित्र भरपूर असलेल्या मुलालाही रोज ‘टिंगू’ ऐकावं लागतंच. पण त्याचा इलाज शिक्षकांकडे आहे, इंजेक्शनात नाही.

इंजेक्शनाचंही सांगतो, कारण पुढचा प्रश्न तोच असतो. शरीरात हार्मोन कमी नसलेल्या बुटक्या मुलाला वर्षानुवर्षं रोज ग्रोथ हार्मोन टोचून सरासरी चार-सात सेंटिमीटर मिळतात, तेही प्रत्येकाला नाही. पगारासाठी मी ते लिहून देत नाही. त्याऐवजी सहा महिन्यांनी, त्याच भिंतीपाशी, अनवाणी उभं करून उंची मोजा. शाळकरी वयात वर्षाला पाच-सहा सेंटिमीटर वाढ होत असेल तर चिंता नको. चारच्या खाली गेली तर आकडे घेऊन या. मग थायरॉइड, गहू न सोसण्याचा सिलिअॅक आजार वगैरे तपासू.