आत्याचा सिनेमा

आत्याबरोबर पाहायला पहिला सिनेमा निवडताना मी चूक केली, आणि ती चूक अगदी सद्हेतूने केली. तिचे वय ८४, स्मृतिभ्रंशाचे निदान होऊन तीन वर्षे झालेली. सकाळी काय खाल्ले हे तिला दुपारी सांगता येत नाही. परंतु पन्नास-साठ वर्षांपूर्वी सोलापूरच्या बाळीवेशीतल्या घरात कोणाच्या लग्नात कोण रुसले होते, हे ती तपशिलासह सांगते. तेव्हा जुना, सोज्वळ आणि सगळ्यांच्या ओळखीचा सिनेमा लावावा, असे मी ठरवले आणि १९५३ सालचा ‘श्यामची आई’ लावला. त्याहून सोज्वळ ते काय असणार?

शेवटाकडे आई अंथरुणाला खिळली तशी आत्या पदराचे टोक बोटाला गुंडाळू लागली. मी ते पाहिले, पण त्याचा अर्थ मला कळला नाही. सिनेमा संपल्यावर अर्ध्या तासाने तिला तो पाहिल्याचेही आठवत नव्हते, मात्र ती दाराशी जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, “आई अजून आली नाही गं. दिवेलागण झाली.” त्या रात्री ती जेवली नाही. आपण का रडतो आहोत हे तिला ठाऊक नव्हते आणि म्हणूनच तिची समजूत घालायला मला काही धागाच सापडत नव्हता.

पुढे मला या प्रकाराचा उलगडा एका अभ्यासात मिळाला. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात अल्झायमरच्या १७ रुग्णांना दुःखद आणि आनंदी सिनेमांतले सुमारे वीस-वीस मिनिटांचे तुकडे दाखवण्यात आले होते. काही मिनिटांतच त्यांना पाहिलेले फारसे आठवेनासे झाले, पण मनावर उमटलेली भावना मात्र टिकून राहिली. दुःख तर अर्ध्या तासापर्यंत. इतकेच नव्हे, तर ज्याला कमी आठवत होते त्याचे दुःख जास्त वेळ रेंगाळले. हा अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. तो वाचल्यापासून मी सिनेमा निवडताना तो किती चांगला आहे हे पाहत नाही. तो बंद केल्यावर आत्या कशी असेल, एवढेच पाहते.

त्यामुळे नामांकित मराठी सिनेमांची माझी यादी झपाट्याने आखडली. त्या काळच्या आपल्या कितीतरी सिनेमांत कोणी ना कोणी घर सोडून जाते, तुरुंगात जाते किंवा देवाघरी जाते. निरोगी माणूस दोन तास रडून शेवटच्या पाच मिनिटांत हलका होतो, कारण आरंभापासूनचा धागा त्याच्या हातात असतो. आत्याच्या हातात तो नसतो. तिला समोरचा प्रसंग तेवढा दिसतो. त्यामुळे शेवट गोड असून तिला काही उपयोग नाही, मधला प्रत्येक तुकडाच निरुपद्रवी असावा लागतो.

या कसोटीला उतरला तो राजा परांजपे यांचा १९५२ सालचा ‘लाखाची गोष्ट’. एक लाख रुपये महिनाभरात खर्च करून दाखवायचे, एवढीच त्यातली अट. ती विसरली तरी बिघडत नाही, कारण कुठूनही पाहिले तरी पैसे उडवणारे दोन गमतीदार तरुण आणि दोन सुंदर मुली दिसतात. त्या मुली म्हणजे रेखा आणि चित्रा, प्रत्यक्षातल्या सख्ख्या बहिणी. मी पूर्वी मध्येच विचारायची, “हा कोण, ओळखलास का?” त्यावर आत्या गप्प व्हायची आणि परीक्षेत नापास झालेल्या मुलीसारखी माझ्याकडे पाहायची. आता मी प्रश्न विचारत नाही, फक्त सांगते, “हे राजा गोसावी.” मग ती तोऱ्यात म्हणते, “माहीत आहे की!” आणि त्या दोघी बहिणी एकत्र दिसल्या की तिला तिची धाकटी बहीण आठवते, दोघींनी एकाच थानातून शिवलेली परकर-पोलकी आठवतात. तेवढ्यासाठी मी सिनेमा थांबवते. खरे तर तो थांबावा म्हणूनच लावलेला असतो.

वेळ सकाळी अकराची. आंघोळ, नाश्ता आणि बाथरूमला जाऊन येणे झाले की आम्ही दोघीच बसतो. घरात आणखी कोणी बोलत असेल तर तिला पडद्यावरचे बोलणे आणि घरातले बोलणे वेगळे काढता येत नाही. सायंकाळी मी काहीच लावत नाही, कारण ऊन उतरू लागले की तिची ‘घरी जायचे’ ही घालमेल सुरू होते. एका बैठकीला पंचवीस मिनिटे पुरतात. जाहिराती येणार नाहीत अशी सोय आधीच करून ठेवते, कारण शांत गाण्याच्या मधोमध कोणी तरी साबणासाठी ओरडले की ती दचकते आणि मग बसत नाही. संपल्यावर टीव्हीवर टॉवेल टाकते. (सोलापुरात घरात टॉवेलांना तोटा नसतो.) हा शहाणपणा मला उशिरा सुचला, काळ्या पडद्यात तिला स्वतःचे प्रतिबिंब दिसायचे आणि “ती म्हातारी कोण बसली आहे?” असे ती विचारायची.

पडदा आणि खोली यांतली भिंत तिच्यासाठी पातळ झाली आहे, हे तेव्हा माझ्या लक्षात आले. म्हणून मारामारी, आग, पोलीस हे दृश्य दोन मिनिटांचे असले तरी मी तो भाग वगळते. भालजी पेंढारकरांच्या १९६५ सालच्या ‘साधी माणसं’मध्ये पुढे कपट आणि हाल आहेत, मी तिथवर जातच नाही. लोहाराच्या भट्टीपुढचे ते गाणे, लताबाईंचा आवाज आणि त्यांनीच ‘आनंदघन’ या नावाने बांधलेली चाल, एवढेच लावते. आत्या त्यातले शब्द न अडखळता म्हणते. ज्या बाईला माझे नाव कधी कधी सापडत नाही, तिला दुसरे कडवेही सापडते.

अलीकडे तिचे लक्ष पंधरा मिनिटेही टिकत नाही आणि ‘लाखाची गोष्ट’ही आता गाण्यांपुरतीच उरली आहे. पदर बोटाला गुंडाळला जाऊ लागला की मी लगेच बंद करते, उरलेले उद्या पाहू असेही म्हणत नाही. गेल्या मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर होता, कूलर घरघरत होता आणि भट्टीचे गाणे चालू होते. आत्याने माझा हात धरून पडद्याकडे बोट दाखवले. “एवढ्या उकाड्यात दोघे भट्टीपुढे बसलेत, पाणी तरी विचार त्यांना.”

मी उठले आणि माठातून दोन तांबे भरून टीव्हीपुढच्या स्टुलावर ठेवले. गाणे संपल्यावर ती स्टुलाकडे पाहत राहिली आणि म्हणाली, “प्यायले नाहीत. लाजत असतील, नवीन आहेत.” मग एका तांब्यातले पाणी तिने प्यायले, दुसरा माझ्यापुढे सरकवला.