आमची वाटचाल: मुदत उलटल्यावर आलेली परताव्याची मागणी

येवल्यातल्या आमच्या घरी दोन पिढ्यांपासून हातमाग आहेत. आधी माल व्यापाऱ्याला जायचा, आता आम्ही पैठणी थेट ग्राहकाला कुरिअरने पाठवतो. थेट विक्री सुरू झाली आणि वीणकामाइतकंच पत्रोत्तराचं कामही शिकावं लागलं. त्यातलं एक उत्तर इथे सविस्तर देतो, कारण नवीन विक्रेते त्याबद्दल फार विचारतात.

नागपूरच्या एका ताईंनी १८,५०० रुपयांची धूपछाँव पैठणी घेतली. साडी त्यांना ४ तारखेला मिळाली. आमची परतीची मुदत सात दिवसांची. २७ तारखेला मेसेज आला: "लग्नात नेसले तर रंग हिरवा दिसला, फोटोत निळा होता. पूर्ण पैसे परत करा."

अशा वेळी तारीख मोजण्याआधी मी एकच गोष्ट तपासतो, ती म्हणजे साडीत दोष आहे का. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे सदोष किंवा जाहिरातीतल्या वर्णनाशी न जुळणारा माल परत घ्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही. तिथे आमची सात दिवसांची अट पुढे करणं मला पटतही नाही. म्हणून ताईंना खिडकीजवळच्या उजेडात आणि घरातल्या दिव्याखाली असे दोन व्हिडिओ मागितले. या साडीचा ताणा निळा आणि बाणा हिरवा. उभे धागे एका रंगाचे, आडवे दुसऱ्या, त्यामुळे घडीच्या वळणाप्रमाणे आणि उजेडाप्रमाणे कधी हा रंग वर येतो, कधी तो. व्हिडिओत दोन्ही रंग स्वच्छ खेळत होते. आमच्या वर्णनातही दोन्ही रंग लिहिलेले होते. रंग उतरला असता, काठाजवळ पट्टा पडला असता किंवा मधेच बाण्याची छटा बदलली असती, तर तो दोष धरला असता.

त्याच व्हिडिओत फॉल-बीडिंग झालेलं दिसलं, ब्लाउजपीसही कापलेला होता. रेशमात सुई गेली की फॉल उसवला तरी काठालगत टाक्यांची भोकं राहतात. अशी साडी नवीन म्हणून दुसऱ्या ग्राहकाला देणं ही फसवणूक होईल. शिवाय साडी मागावरून उतरली की विणकराची मजुरी त्याच वेळी चुकती होते, ती काही परत मागता येत नाही.

मी लिहिलेलं उत्तर असं:

"नमस्कार ताई. समारंभात तुमच्या मनासारखं झालं नाही, याचं वाईट वाटतं. तुमचे दोन्ही व्हिडिओ नीट पाहिले. विणीत किंवा रंगात दोष नाही. निळा ताणा आणि हिरवा बाणा असल्यामुळे रात्रीच्या पिवळ्या दिव्यांत हिरवा वर येतो. साडी ४ तारखेला पोहोचली, परतीची मुदत ११ तारखेला संपली आणि आता फॉल लागून ब्लाउजपीस कापला गेला आहे. त्यामुळे पैसे परत करणं शक्य होणार नाही. पण साडी तुमच्याकडे नुसती पडून राहू नये, असं मलाही वाटतं. तुम्ही ती पाठवलीत तर आम्ही 'एकदा नेसलेली' असं स्पष्ट लिहून विक्रीला ठेवू. ती विकली गेली की येईल ती रक्कम कुरिअर खर्च वजा करून तुमच्या खात्यावर जमा करू, आम्ही कमिशन घेणार नाही. किंवा साडी आमच्याकडे जमा करून १३,००० रुपये दुसऱ्या पैठणीच्या किमतीत वळते करून घ्या. ही सोय वर्षभर राहील. साडी ठेवायचीच असेल तर निळ्या रंगाचं साधं रेशमी ब्लाउजपीस आमच्याकडून पाठवतो. निळा ब्लाउज असला की निळी छटा जास्त उठून दिसते. कोणता मार्ग सोयीचा वाटतो ते या महिनाअखेरपर्यंत कळवा."

यात "नियमात बसत नाही" एवढ्यावर मी थांबलो नाही, कारण ग्राहकाला नियमापेक्षा कारण लवकर पटतं. "बघतो", "वरती विचारतो" असंही लिहिलं नाही. त्याने पैसे मिळतील अशी आशा लागून राहते आणि शेवटी नकार दिला की राग दुप्पट होतो. १३,००० हा आकडा मात्र मनानेच ठरवला: नेसलेली, फॉल लावलेली साडी आमच्या दुकानात साधारण किती किमतीला जाईल, त्या अंदाजाने. तो आधीच सांगितला म्हणजे पुढे घासाघीस होत नाही.

ताईंचा पहिला प्रतिसाद रागाचाच होता, ग्राहक मंचात जाण्याचाही उल्लेख होता. तो त्यांचा हक्कच आहे, असं लिहून मी बिलाची प्रत आणि वर्णनाचं पान पुन्हा पाठवलं. दोन दिवसांनी त्यांनी साडी विक्रीला ठेवायचं कळवलं. ती १४,२०० ला गेली, कुरिअर वजा करून बाकी रक्कम त्यांच्या खात्यावर त्याच दिवशी टाकली आणि पावतीचा फोटो पाठवला. आता प्रत्येक धूपछाँव साडीबरोबर दिवसाचा आणि रात्रीच्या दिव्यातला असे दोन व्हिडिओ आम्ही पैसे घेण्याआधीच पाठवतो, आणि फॉल लावण्याआधी एकदा दिव्याखाली पाहून घ्या, असं बिलावर छापलं आहे.