दोन मिनिटं मागचा फोन

चाकणच्या एका कारखान्याचं कॉम्प्युटरचं काम माझ्याकडे आहे. महिनाअखेरीला तिथल्या अकाउंट्सच्या मॅडमचा फोन आला, "सर, लॉगिनचा एकही कोड लागत नाहीये. ईमेल नाही, क्लाउड नाही, काहीच उघडत नाही." मी विचारलं, सगळीकडेच? "सगळीकडेच."

या एका शब्दावर अर्धं निदान झालं. एकाच साइटवर कोड चुकत असेल तर बहुधा त्या साइटची गुप्त किल्ली बदललेली असते. सगळीकडे एकदम चुकायला लागले, तर आधी घड्याळ बघायचं.

हे कोड दाखवणारा ऑथेंटिकेटर तिथे एका जुन्या अँड्रॉइड फोनवर होता. सगळ्यांना लागतो म्हणून तो अकाउंट्सच्या ड्रॉवरमध्ये असायचा. सिम काढलेलं, आणि सुरक्षेच्या नावाखाली वायफायही बंद. कोड काढायला इंटरनेट लागत नाही हे खरंच आहे. क्यूआर स्कॅन करताना साइटने दिलेली किल्ली फोनमध्ये राहते. १ जानेवारी १९७० पासून किती सेकंद झाले ते ३० सेकंदांच्या टप्प्यांत मोजायचं, आणि तो टप्पा व ती किल्ली मिळून सहा आकडे काढायचे. सर्व्हर त्याच्या बाजूला हाच हिशोब करतो. म्हणजे दोघांना लागते ती फक्त बरोबर वेळ, आणि नेमकी तीच या फोनला कुठून मिळत नव्हती.

मी लॅपटॉपवर time.is उघडून फोन शेजारी धरला. फोन २ मिनिटं १० सेकंद मागे होता. दिवसाला दीडेक सेकंद मागे पडलं, तरी तीन महिन्यांत एवढं साचतं. स्क्रीनवर तास-मिनिटंच दिसतात, दोन मिनिटांचा फरक कोणाच्या लक्षात येणार? फोन दाखवत होता तो कोड चार-पाच टप्प्यांपूर्वीचा होता. बरेचसे सर्व्हर एखादा मागचा टप्पा चालवून घेतात, त्याहून जुना नाही.

मॅडम म्हणाल्या, "पण मध्यंतरी कधी लागायचा, कधी नाही. नवा कोड आल्या आल्या टाकला की लागायचा." ऑफिसात त्यांची यावरून चेष्टा व्हायची म्हणे. निरीक्षण मात्र अचूक होतं. फोन ४५ सेकंद मागे असताना त्याचा नवा कोड सर्व्हरच्या दृष्टीने मागच्या टप्प्यातला असतो, पण पहिली १५ सेकंदंच. मग तो दोन टप्पे जुना होतो आणि नाकारला जातो.

दरम्यान कोणीतरी ॲप काढून परत टाकायच्या तयारीत होतं. तो हात मी आधी थांबवला. किल्ल्या त्या ॲपमध्येच होत्या, दुसरीकडे प्रत नव्हती. वायफाय जोडलं आणि तारीख-वेळेच्या सेटिंगमध्ये स्वयंचलित वेळ चालू केली. वारंवार चुकीचे कोड टाकल्याने ईमेलचं खातं काही वेळ बंद होतं, तेवढं थांबावं लागलं. नंतरचा कोड पहिल्या फटक्यात लागला.

साहेबांनी लगेच नवा फोन मागवला आणि म्हणाले, "खाती नव्या फोनवर न्यायला ॲप एक्सपोर्टचा क्यूआर दाखवतं ना, त्याचा फोटो काढून मला व्हॉट्सॲपवर टाक, माझ्याही फोनवर राहू दे." याला मी साफ नाही म्हटलं. सहा आकडी कोड अर्ध्या मिनिटात शिळा होतो, त्या क्यूआरमध्ये मात्र किल्ल्याच असतात. तो फोटो ज्याच्या हाती पडेल, त्याला किल्ली बदलेपर्यंत आपले कोड काढता येतील. साहेबांचे डोळे बारीक झाले, पण पटलं.

नवा फोन आला तेव्हा दोन्ही फोन टेबलावर ठेवून Google Authenticator मधल्या Transfer accounts मधून क्यूआर थेट स्कॅन केला. त्यातून जुन्या फोनची वेळ नव्यात जात नाही, फक्त किल्ल्या जातात. त्यामुळे दोन्ही फोन एका क्षणी तेच आकडे दाखवतात का, ही तपासणी सोपी होती. जुन्याचं घड्याळ आधी सुधारलं नसतं तर आकडे जुळले नसते आणि आम्ही नव्या फोनलाच दोष दिला असता.

तरी आकडे जुळले म्हणजे काम झालं असं मी धरत नाही. लॅपटॉपवर आधीचं लॉगिन उघडं ठेवून प्रत्येक खात्यात खासगी विंडोतून, नव्या फोनचा कोड टाकून शिरलो. होस्टिंगचं खातं अडलं. दोन्ही फोन एकच कोड दाखवत होते आणि सर्व्हर तो नाकारत होता. म्हणजे इथे घड्याळाचा संबंध नव्हता. मागे कोणीतरी त्या साइटवर ऑथेंटिकेटर नव्याने जोडला होता, तो स्वतःच्या फोनवर, आणि ती व्यक्ती नोकरी सोडून गेली होती. तिजोरीतल्या पाकिटात बॅकअप कोड निघाले, त्यांतला एक वापरून आत गेलो. तिथली जुनी जोडणी रद्द केली, नव्या फोनवर नवी किल्ली घेतली आणि बॅकअप कोडही नवे छापून पाकिटात ठेवले. सगळी खाती तपासून झाल्यावरच जुना फोन फॅक्टरी रीसेट केला.