तुम्ही विचारलंत म्हणून: गॅस किती, मिनिटं किती

"ताई, कुकरमधल्या केकला गॅस किती ठेवायचा आणि किती वेळ? एकच आकडा सांगून टाका ना!"

पंचेचाळीस मिनिटं. पूर्वी मी एवढंच सांगून मोकळी व्हायचे. मग दुसऱ्या दिवशी फोटो यायचे: कडा काळ्या, मधे लगदा. आणि वर, "तुम्ही सांगितलं तसंच केलं हो." केलं असेलही. पण तुमच्या शेगडीची बारीक आच मला इथे बसून कशी दिसणार?

रावेरला नणंदेकडे भाच्याचा वाढदिवस होता. घरचीच केळी, कणकेचा केक. शिट्टी-रबर काढलेला कुकर, तळाला मिठाचा थर, त्यावर जाळी. रिकामा कुकर दहा मिनिटं मध्यम आचेवर तापवला, मग निम्मा भरलेला डबा आत ठेवला आणि लहान बर्नर अगदी बारीक केला. मी फुगे बांधायला बाहेर गेले. सासूबाईंचं दर दोन मिनिटांनी "व्हयना का?" चालूच होतं. कोणीतरी, नाव नको, लवकर व्हावा म्हणून आच वाढवली.

पंधरा मिनिटांतच घरभर वास सुटला. पाहुणे खूश झाले, माझ्या मात्र पोटात गोळा आला. झाकण उघडलं, तर केक मधोमध फुगून फाटलेला आणि भेगेतून कच्चं पीठ वर येतंय. कुकरमधे उष्णता खालून आणि बाजूंनी येते. आच मोठी असली की कडा आधी आवळतात. मधलं पीठ नंतर फुगतं आणि त्याला वरची साय फोडूनच वाट काढावी लागते. आच परत कमी केली. मधला भाग शिजेस्तोवर तळ कोळसा झाला होता. सुरीने तो खरवडत होते, तेवढ्यात मागून आवाज आला, "हिला एक ओव्हन घेऊन द्या रे."

ते अजून डोक्यातून गेलेलं नाही.

तेव्हापासून मी घड्याळाआधी वासावर भरवसा ठेवते. सहा-सात इंची डब्याला वास साधारण अर्ध्या तासाने यावा. फार आधी आला तर आच जास्त आहे. बर्नर आणखी बारीक होत नसेल, तर कुकरखाली जुना लोखंडी तवा सरकवा. चाळीस मिनिटांनंतरही वरचा भाग ओला, चकचकीत असेल, तर आच कमी पडतेय. पहिली तीस मिनिटं झाकण उघडू नका, मधे खड्डा पडतो. नंतर सुरी मधोमध खुपसायची, कडेला नाही; कडेची सुरी नेहमी कोरडीच निघते. केळ्यांच्या केकला ओलाव्यामुळे पंचावन्न मिनिटंही लागतात. कढईत करत असाल तर झाकणाला आतून कापड ताणून बांधा, नाहीतर वाफेचे थेंब केकवर पडतात. टोकं मात्र वर गाठीत, आचेपासून लांब.

वरून तांबूस रंग येत नाही, हे कबूल. वरून आच नाही तर रंग कुठून येणार? पलटून ताटात काढा, खालची बाजू छान खमंग असते. तरी ओव्हन घ्यावा का? नणंदेच्या घरी जायचं असलं की वाटतं, घ्यावा.